सगळं करून झालं, तरच फोन कर

आमच्या आईच्या घरी वायफाय आलं ते मावशीसाठी. नाहीतर नव्वदीकडं झुकलेल्या बाईला त्या डब्यांचं काय काम? टीव्ही ती बघत नाही, बातम्या शेजारीण सांगते.

मावशी म्हणजे आईची पाठची बहीण. दुधनीला असते. तिला अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं ते गेलंच. समजतं सगळं बरं का. कोण आलं, कोण काय म्हणालं, भाजीत मीठ कमी आहे, सगळं समजतं, फक्त तोंडातून शब्द फुटत नाही. आता असल्या माणसाशी साध्या फोनवर काय बोलायचं? आई सोलापुरातनं "ऐकतीस का गं?" म्हणून ओरडायची आणि तिकडून नुसता श्वास ऐकू यायचा. फोन ठेवला की आई पदरानं डोळे पुसायची. मग मीच म्हटलं, तोंड दिसायला पाहिजे. व्हिडिओवर बोला.

तेव्हापासनं दुपारचं जेवण दोघींचं एकत्र. तिकडं मावशीची सून ताट घेऊन बसते, फोन लोटीला टेकवून ठेवते. इकडं आई आपलं ताट घेते, फोन पिठाच्या डब्याला टेकवते. लहानपण दोघींचं सीमेवरच्या गावात गेलेलं, म्हणून आई कानडीतनं विचारते, "ऊट आयता?" म्हणजे जेवलीस का? मावशी मान हलवते, नाही. "मग जेव की, मी बी जेवतो." असं म्हणून आई घास घेते आणि तिकडं मावशी तोंड उघडते. सुनेनं नुसतं भरवायला घेतलं तर दातखीळ बसल्यासारखं तोंड मिटून घेते. बहीण समोर दिसली की चार घास खाते. औषधाच्या गोळ्या त्या जेवणावर, म्हणजे जेवण नाही तर गोळी नाही. एवढ्यासाठी ते वायफाय.

डबे दोन. भिंतीतनं एक बारीक पिवळी वायर येते ती जाते मोडेमला. मोडेममधनं दुसरी जाड वायर जाते राउटरला, त्याला दोन शिंगं आहेत. बसवायला आलेल्या माणसानं घरभर नजर फिरवली. आईचं घर म्हणजे जुन्या गिरणीच्या मागच्या दोन खोल्या, त्यात रिकामा प्लग एकच, देवाच्या फळीजवळ. त्यानं लांब वायरचा बोर्ड लावला आणि दोन्ही डबे देवांच्या शेजारी मांडले. आई म्हणाली, "बसूं दे. अंबाबाई बी बघंल मावशीला."

ते डबे आल्यापासनं माझ्यामागं एक काम लागलं. मी राहते जुळे सोलापुरात, म्हणजे शहराच्या ह्या टोकाला, आई त्या टोकाला. आठवड्यातनं एकदा तरी फोन ठरलेला. "बाई, बंद पडलं गं."

रिक्षा करून जावं तर काय निघायचं? कधी बोट लागून फोनमधलं वायफायच बंद झालेलं. कधी वर विमानाचं चित्र आलेलं. एकदा तर देव पुसताना तिनं राउटरपण पुसला होता, मागची वायर अर्धी बाहेर. ती टक्‌ आवाज होईस्तोवर आत ढकलली, झालं चालू. त्यासाठी मी घरातलं काम अर्धं ठेवून, दुखरे गुडघे घेऊन गेलेली. आणि मला तरी हे कुणी शिकवलं? शाळा माझी सातवीपर्यंत. आमच्या घरचं बंद पडायचं तेव्हा तक्रारीच्या नंबरावरच्या पोरी सांगायच्या ते मी ऐकत गेले, करत गेले, विसरू नये म्हणून कॅलेंडरच्या मागं लिहीत गेले.

एके दिवशी माझ्या घरी पाहुणे, गॅसवर आमटी, आणि आईचा फोन. मी म्हणाले, "आई, मी काय वायरमन आहे का गं?"

ती हसली. म्हणाली, "वायरमन परवडला. त्यो चिडत तर न्हाय."

मला हसू आलं नाही. पाहुणे गेल्यावर मी कागद घेतला.

आई प्रौढ वर्गात वाचायला शिकलेली. अक्षर मोठं असलं, शब्द सुटे असले की वाचते, बोट ठेवून. म्हणून जाड पेनानं लिहिलं, प्रत्येक गोष्टीला चित्र काढलं. आधी बघायचं, घरात वीज आहे का? पंखा फिरतो का? वीज नसली तर डब्यांचा काही दोष नाही, गप बसायचं. मग फोन. विमानाचं चित्र दिसलं तर ते बंद करायचं. उघडलेल्या हातपंख्यासारखं वायफायचं चित्र आहे ना, ते चालू करायचं, खाली आपल्या घरचं नाव आलं का बघायचं. मग मोडेम. त्यावर एलओएस लिहिलेला दिवा लाल लागला असला तर रस्त्यावरची वायर तुटली, घरात काही करायचं नाही, कंपनीला कळवावं लागतं. लाल नसला तर राउटर. त्याला दिवे आहेत का? मधली वायर दोन्हीकडनं घट्ट बसली का? पिवळ्या वायरीला हात लावायचा नाही, ती आतनं काचेची असते, वाकवली की मोडते. राउटरच्या मागं बारीक भोक आहे, त्यात सुई, काडी काही घालायचं नाही, नाहीतर तो सगळं विसरतो, नाव पण आणि पासवर्ड पण.

आणि एवढं करूनही चालेना, तर बोर्डाचं बटन बंद करायचं. शंभर अंक सावकाश मोजायचे. मग चालू करायचं. मोडेमचे दिवे लुकलुकायचे थांबले, राउटरचेही लागले, की फोन बघायचा. हे डबे मधेच माणसासारखे बधिर होतात, सगळे दिवे ठीक दिसतात पण काम करत नाहीत. बंद करून चालू केले की शुद्धीवर येतात. दहातल्या आठ वेळा एवढ्यावरच भागतं. खरं तर आधी मोडेम आणि मग राउटर चालू करावा, पण दोन पिनांचा घोळ तिला नको म्हणून मी एकाच बटनावर भागवलं. वर लाल पेनानं लिहिलं, 'पिना ओढायच्या नाहीत. फक्त बोर्डाचं बटन.' शॉकची भीती, दुसरं काय.

खाली शेवटची ओळ लिहिली. 'हे सगळं करून झालं आणि तरी नाही चाललं, तरच मला फोन कर.'

'तरच'च्या खाली दोन रेघा ओढल्या. त्या रेघा मी का ओढल्या ते मला माहीत होतं, आणि कागद हातात घेतल्यावर आईलाही कळलं असणार. तिनं बोट ठेवून सगळं वाचलं, शेवटच्या ओळीवर बोट जरा थांबलं. म्हणाली, "बरं लिवलंस. आता तुला तरास न्हाय." मला वाटलं, चला, समजली.

कागद खरोखर कामाला आला. पावसाळाभर तिनं दोनतीनदा स्वतःच चालू केलं. बटन बंद, शंभर अंक, बटन चालू. मला नंतर सांगायची, "शंभरपतूर जायच्या आदीच माझा श्वास गेला, पण झालं चालू." मी त्या कागदाचा फोटो काढून आमच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. बायकांनी हात जोडले, फुलं पाठवली. दोघीतिघींनी आपापल्या सासूसाठी, वडिलांसाठी उतरवून घेतला. मी फुगले होते, कशाला खोटं बोलू.

मग नवरात्र आलं.

इथं एक मागची गोष्ट सांगितली पाहिजे. गेल्या थंडीत देवापुढं वाकताना आईच्या पदराला समईची ज्योत लागली. तिनं हातानंच चोळून विझवली, नशीब. पण मी घाबरले. एकटी बाई, नऊ दिवस तेलाचा अखंड दिवा, आणि आता डोळ्यालाही कमी दिसतं. मी सगळ्या समया, निरांजनं माझ्या घरी घेऊन आले, काड्यापेट्यासुद्धा. गॅसला लायटर आहेच. बाजारातनं विजेचा छोटा दिवा आणला, ज्योतीसारखा हलणारा. म्हणाले, "आई, आता हाच तुझा अखंड दिवा. तेलाचा लावायचा नाही, शब्द दे." तिनं थोडी कुरकुर केली, मग शब्द दिला. आणि तो दिवा मी लावला त्याच बोर्डाला. तिसरं भोक रिकामं होतं.

हे सगळं माझ्याच हातनं झालेलं. कागद लिहिताना ते माझ्या डोक्यात आलं नाही.

नवरात्राच्या दिवसांत माझ्याही घरी घट. रोजची माळ, आल्यागेल्या सवाष्णी, उपासाचं वेगळं, घरच्यांचं वेगळं. आईला मधेच एकदा फोन केला. "बरी आहेस ना?"

"बरी हाय की. तुझं घट कसं उगवलं?"

"चांगले उगवलेत. तुझे?"

"वीतभर आलं."

मी मावशीचं विचारलं नाही. मनात एवढंच आलं की घट बसल्यापासनं एकदाही 'बंद पडलं' म्हणून फोन नाही. कागदाची कमाल, म्हटलं.

अष्टमीच्या सकाळी देवीच्या नैवेद्याच्या कडाकण्या तळत होते, तेवढ्यात दुधनीहून मावशीच्या सुनेचा फोन. ही सून एरवी फार बोलणारी नाही.

"अक्का, मोठ्या मावशी बऱ्या हायत न्हवं?"

"आई बरी आहे. का गं?"

"न्हाय, फोन येईना म्हणून. माळ बसली तवापासनं व्हिडिओ लागंना. साधा फोन केला की म्हणत्यात, नवरात्रात गडबड हाय, नंतर करतो. हितं सासूबाई तोंडच उघडंनात की हो. दूध घालतो चमच्यानं, तेवढंच. कालपास्नं दूध बी थुकाय लागल्यात. गोळ्या बारीक करून दिल्या तर ते बी बाहेर. डॉक्टर म्हणले, दोन दिवसांत न्हाय खाल्लं तर सलाइनला आणा." मग जरा थांबून म्हणाली, "त्यास्नी वाटतंय, मोठ्या मावशी गेल्या आणि आम्ही लपवून ठेवलोय. फोटोकडं बोट करून रडत्यात."

कढईतली कडाकणी काळी झाली. मी गॅस बंद केला आणि निघाले.

रिक्षात बसून मनात एकच घोळत होतं. आईनं मला का नाही सांगितलं? आणि खरं सांगते, त्यातही मला तिचाच राग येत होता. एवढं लिहून दिलं तरी!

आई घटापुढं बसली होती. मला बघून दचकली. "आज? अष्टमीचं घर सोडून?"

"वायफाय बंद आहे का?"

तिनं फोन माझ्यापुढं केला. मी फोन बघितला. वायफायचं चित्र होतं, पण त्याच्या शेजारी उद्गारचिन्ह, म्हणजे घरातल्या राउटरशी जोडलंय पण पुढं बाहेर जात नाही. आईच्या फोनला फक्त बोलण्याचा रिचार्ज, म्हणून दुसरीकडनं नेट मिळायचा प्रश्नच नाही. मोडेम बघितला. लाल दिवा नाही. वायरी घट्ट. राउटर बधिर झालेला, दुसरं काही नाही.

"आई, कागदावर काय लिहिलंय? बटन बंद करून चालू केलंस का?"

"न्हाय."

"का? आधी तर करत होतीस!"

"आदी नवरात्र नव्हतं." तिनं घटाकडं हात केला. तिथं तो विजेचा दिवा लुकलुकत होता. "बटन दाबलं की ह्यो बी जातोय. अखंड दिवा मी माझ्या हातानं कसा विझवू, सांग की."

मी बोर्डाकडं बघितलं. तीन पिना, एक बटन.

"अगं, वीज जाते तेव्हाही विझतोच की तो!"

"ती जाती ते देवीच्या मर्जीनं. मी दाबलं तर माझ्या हातनं. लई फरक हाय बाई त्यात."

"मग नुसती डब्यांची पिन ओढायचीस."

"लाल अक्षरात तूच लिवलंस, पिना वढायच्या न्हाईत."

"बाजूला तेलाचा दिवा लावून ठेवायचास, मग हा बंद करायचास. वात बदलताना करतोच ना तसं आपण."

"तुला शब्द दिलता. आन काडीपेटी कुटं ठिवलीस घरात?"

जिकडं जावं तिकडं मीच उभी. तरी मी शेवटचं विचारलं, आणि ते विचारायला नको होतं असं आता वाटतं. "मग मला फोन का नाही केलास?"

आईनं पिठाच्या डब्याखालनं कागद काढला. घडीवर मऊ झालेला. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून, सुट्या सुट्या अक्षरांत वाचला. "'हे सगळं करून झालं... तरच.' सगळं कुटं केलतं मी? एक राहिलंच होतं की. ते केल्याबिगर तुला कसा फोन करू?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडले तरी असते. तिनं सरळ, शाळेतल्या पोरीसारखं नियमानं वागून दाखवलं होतं. रोज दुपारी ताट वाढून घ्यायची, फोन डब्याला टेकवायची, गोल गोल फिरणारं चित्र बघत बसायची आणि ताट तसंच झाकून ठेवायची, हे शेजारणीनं मला नंतर सांगितलं. दसरा झाला, घट उठले की बटन दाबणार होती म्हणे. दोनच दिवस राहिलेत, एवढं तिनं मनाशी ठरवलेलं. तिकडं बहीण उपाशी आहे हे तिला माहीत नव्हतं. सुनेनं तिला सांगितलं नव्हतं, म्हातारं माणूस घाबरेल म्हणून.

मी सांगितलं. सांगितलं नसतं तरी चाललं असतं का? पण एकदा तोंडातनं गेलं. आई ऐकत राहिली. मग म्हणाली, "काडीपेटी आण."

शेजारणीकडनं काडीपेटी आणली, तिचंच एक निरांजनही आणलं. आईनं पदर कमरेला घट्ट खोचला, वात तेलात बुडवली, विजेच्या दिव्याजवळ नेली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "ह्याच्यानं वात बी पेटत न्हाय, आन म्हणं दिवा." काडी ओढली. निरांजन लागलं, घटापुढं ठेवलं, तिनं हात जोडले. "ह्यो हाय आता. तो जाऊं दे." बटन मी दाबायला गेले तर मला बाजूला सारलं. स्वतः दाबलं.

शंभर अंक तिनं मोजले. घाईत मोजले, पण मी टोकलं नाही.

बटन चालू झालं. मोडेमचे दिवे लुकलुकले, स्थिर झाले. राउटरला जरा वेळ लागला. फोनवरचं उद्गारचिन्ह गेलं तसं मी दुधनीला व्हिडिओ लावला. सुनेनं पहिल्या घंटेलाच उचलला. "आलं, आलं! सासूबाई, बघा की कोण!"

मावशी खाटेवर उशीला टेकलेली. चेहरा उतरून एवढासा झालेला. तिनं फोनकडं बघितलं, आईला बघितलं. मला वाटलं, आता रडेल, हसेल. तिनं मान फिरवली, भिंतीकडं.

"रुसली," सून म्हणाली.

"ये," आई म्हणाली, "हिकडं बघ की. मेले न्हाय मी."

मावशीनं बघितलं नाही. आईनं कानडीतनं काहीबाही सांगितलं, दिव्याचं, बटनाचं. मला सगळं कळलं नाही, पण 'नंदे तप्पु' तेवढं कळलं. माझीच चूक, असं ती सांगत होती. एकदा नाही, तीनतीनदा. मग मराठीतनं, घट होते, दिवा होता, मला अक्कल न्हाय, पोरीनं सगळं बरोबर लिहून दिलतं.

मी आईच्या मागं उभी होते, चौकटीच्या बाहेर. तिथंच राहिले असते तर कुणाला कळलं नसतं. आईनं आपणहून सगळं अंगावर घेतलं होतं. मी वाकले, तोंड पुढं घातलं. "मावशी, आईचं ऐकू नको. मी तिला म्हटलं होतं मला फोन करू नको. म्हणून झालं हे."

आई चिडली. "असं कुटं म्हणलीस? तरच म्हणलीस."

"तेच ते, आई."

मावशीनं हळूहळू मान वळवली. माझ्याकडं बघितलं, बराच वेळ. चांगला असलेला डावा हात उचलला आणि थप्पड मारायची खूण केली. सून हसली, आई हसली, मीही हसल्यासारखं केलं. पण मावशी हसली नव्हती. तिच्या डोळ्यांत जे होतं ते थट्टेतलं नव्हतं आणि मी ते ओळखलं.

"ताट घे," आई सुनेला म्हणाली. मला म्हणाली, "माझं बी वाढ."

"आई, तुझा अष्टमीचा उपास..."

"वाढ म्हणलं ना. देवी बघून घील."

मी वाढलं. घरात भगर होती, दाण्याची आमटी होती, तेच वाढलं, म्हणजे उपासही मोडला नाही. आईनं विचारलं, "ऊट आयता?" तिकडं मान हलली नाही. आईनं घास घेतला, चावला, तोंड उघडून दाखवलं, लहान पोराला दाखवतात तसं. सुनेनं मऊ भाताचा चमचा पुढं केला. मावशीचे ओठ घट्ट. आईनं दुसरा घास घेतला. मग तिसरा. मधेच ठसका लागला, पाणी प्यायली, परत घास घेतला. चौथ्या की पाचव्या घासाला मावशीचं तोंड जरासं उघडलं.

वाढताना पिठाचा डबा मी बाजूला सारला होता, म्हणून फोन माझ्या हातात होता. थोड्या वेळानं हात अवघडला, आपोआप खाली आला.

"वर धर की," आई घास तोंडात ठेवूनच म्हणाली. "तिला मी दिसंना झाले."

मी दुसऱ्या हातानं कोपर धरलं आणि फोन वर घेतला.